मटार आणि हरभरा ही कडधान्यं की भाज्या? ओल्या शेंगा आणि सुकं कडधान्य यांत नेमका फरक काय?

कूळ एकच, शेंगवर्गीय. दाणा हिरवा असताना तोडला तर भाजी, झाडावरच पूर्ण पिकून वाळला तर कडधान्य. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटनाही असंच मोजते: हिरवा मटार भाज्यांत, सुका वाटाणा कडधान्यांत. हरभऱ्याचंही तेच, फक्त त्याच्या शेंगेला घाटा म्हणतात आणि त्यात बहुधा एक-दोनच दाणे असतात.

पण "मटार वाळला की वाटाणा" हे वाक्य मी दादाकडून वर्षानुवर्षं ऐकलं आहे, आणि ते मला पटलेलं नाही.

एका हंगामात परसातल्या १ किलो शेंगा मी सोलल्या. ४२५ ग्रॅम दाणे निघाले. ते सावलीत खडखडीत वाळवले तेव्हा जेमतेम १०० ग्रॅम उरले, कारण ताज्या मटारात सुमारे ७९ टक्के पाणीच असतं. दादा म्हणाला, "बघ, वाळल्यावर प्रथिनं किती वाढतात!" काही वाढत नाहीत. ताज्या मटारात १०० ग्रॅमला साधारण ५.४ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे त्या ४२५ ग्रॅममध्ये २३ ग्रॅम. वाळलेल्या १०० ग्रॅममध्येही तेवढीच. पाणी गेलं, एवढंच झालं. सुका वाटाणा भिजवून शिजवला की दुपटीहून जास्त भरतो, तेव्हा ताटातल्या वाटीची तुलना करायची तर शिजवल्यावरच करा. ताज्या दाण्यातलं क जीवनसत्त्व मात्र सुक्यात जवळजवळ उरत नाही.

माझे वाळलेले दाणे सुरकुतलेले, वेडेवाकडे होते. डब्यातला वाटाणा गोल आणि गुळगुळीत. दादाचं उत्तर तयार होतं: "अगं, तू कोवळे तोडलेस म्हणून." हा मुद्दा खरा होता, कोवळा दाणा वाळला की आक्रसतोच. म्हणून पुढच्या हंगामात दोन ओळी लावल्या. एकीत मटाराचं बी, दुसरीत डब्यातलेच अख्खे वाटाणे. ते छान उगवले. फुलं आल्यावर साधारण तीन आठवड्यांनी दोन्हींच्या हिरव्या शेंगा चाखल्या. पहिल्या ओळीतला दाणा गोड, दुसऱ्यातला पिठूळ. उरलेल्या शेंगा वेलावरच पिवळ्या पडून वाजायला लागेपर्यंत ठेवल्या. मटाराच्या ओळीतले पूर्ण पिकलेले दाणेही सुरकुतलेच निघाले. डब्यातल्यांची पोरं गोल, गुळगुळीत.

मेंडेलने १८६६ साली ज्यावर लिहिलं ते हेच गोल आणि सुरकुतलेले दाणे. त्याचं कारण १९९० मध्ये जनुकाच्या पातळीवर सापडलं. सुरकुतणाऱ्या दाण्यात पिष्ट बांधणारं एक विकर नीट बनत नाही. त्यामुळे पिष्ट कमी होतं आणि साखर जास्त राहते. साखर पाणी ओढते, दाणा फुगतो, आणि वाळताना ते जास्तीचं पाणी गेलं की साल सैल पडून सुरकुतते. ज्या दोषामुळे मटार गोड लागतो, त्याच दोषामुळे तो वाळल्यावर सुरकुततो. भाजीचा मटार आणि कडधान्याचा वाटाणा हे बहुतेक वेळा एकाच जातीचे वेगवेगळे वाण असतात. दादाने दोन्ही वाट्या हातात घेऊन पाहिल्या आणि विषय बदलला.

ओल्या दाण्यातली साखरही टिकत नाही. तोडल्यावर तिचं पिष्ट होऊ लागतं आणि उष्णतेत हे लवकर होतं. म्हणून शेंगा शक्य तितक्या लवकर खा, नाहीतर सोलून, थोडा वेळ उकळत्या पाण्यात घालून गोठवा. शेंगेची तकाकी जाऊन ती फिकट, जाळीदार दिसू लागली आणि आतले दाणे एकमेकांना टेकून चपटे झाले, तर समजा की ती भाजीच्या पुढे गेली. अशी शेंग घेऊन "मटार गोड नाही" म्हणू नये. कडधान्यच हवं असेल तर वाटाण्याचं बी लावा आणि शेंग वेलावरच वाळू द्या. मटार वाळवून कडधान्याची भर करू नका.

पोटाला जड वाटण्याचंही कारण पिकण्यातच आहे. ज्या साखरी आतड्यात आंबून वायू करतात त्या दाणा पिकून वाळताना साठतात, म्हणून ओला दाणा बहुतेकांना हलका जातो. भिजवलेलं पाणी टाकून दिलं तर सुक्याचाही त्रास काहीसा कमी होतो.

एक सांगायचं राहिलं. लवकर येणारे मटाराचे काही वाण गोल दाण्याचेही असतात, तेव्हा नुसत्या सुरकुत्या पाहून निवाडा करू नका. आणि ज्यांना रक्तातल्या साखरेमुळे पिष्ट मोजून खावं लागतं, त्यांनी मटार "भाजी आहे" म्हणून पालेभाजीच्या हिशेबात धरू नये. १०० ग्रॅमला १४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं त्यातही असतात. हे मात्र दादा पहिल्यापासून सांगत होता.