फळ्याशिवाय हातच्याची बेरीज

"मुलगी तिसरीत आहे, दिसतं अगदी अंधुक. बाई फळ्यावर गणित सोडवतात तेव्हा ही नुसती बसून असते. पाढे पाठ आहेत, पण हातच्याची बेरीज येत नाही. गणित तिला झेपणारच नाही का हो?"

झेपेल. अशी मुलं माझ्याकडे नेहमी येतात आणि अडचण बहुतेकदा एकच असते: संख्या कानाने पाठ झालेली असते, बोटांना कधी लागलेलीच नसते. या मुलीला विचारलं, "सत्तावीसमध्ये दशक किती?" "दोन." "ते दोन म्हणजे किती?" "दोनच."

अंड्यांचा तीस खणांचा कागदी ट्रे घेतला. त्यात सहा ओळी, प्रत्येकीत पाच खण. दोन-दोन ओळींचे तीन तुकडे कापले की दहा खणांच्या तीन पट्ट्या होतात. सोबत वीस चिंचोके आणि रबराने बांधलेल्या दहा-दहा काड्यांच्या जुड्या. चिंचोके गोट्यांसारखे घरंगळत नाहीत. पट्टी सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं, आणि सगळं काठाच्या ताटात.

संख्या बोलायची नाही, वाजवायची. उपड्या स्टीलच्या वाटीवर चमच्याचा ठोका म्हणजे दशक, बाकावर डस्टरचा ठोका म्हणजे एकक. वाटीत चिंचोके टाकून आवाज काढू नका. तळ भरला की आवाज बसतो. वाटीचा नाद विरल्यावरच पुढचा ठोका द्या, नाहीतर दोन ठोके एकच ऐकू येतात. पंखा बंद ठेवा.

सत्तावीस वाजवले: तिने दोन जुड्या ठेवल्या, सात खण भरले. मग पंधरा: एक जुडी, पाच चिंचोके. तिचं बोट रिकाम्या खणांवरून फिरलं. "तीनच मावतील. दोन उरतात." पट्टी भरली, तिने ती रिकामी करून आपणहून जुडी मागितली. "आता चार जुड्या, दोन सुटे. बेचाळीस!" रिकामा खण बोटाला लागतो, हे मला या खेळाचं खरं बळ वाटतं. "दहाला किती कमी?" हे विचारावंच लागत नाही.

अशा वेळी मोठी माणसं तिचा हात धरून खणावर नेतात. तसं करू नका. तुमचा हात खाली ठेवा, तिचा वर, म्हणजे नको वाटलं की तिला काढून घेता येतो. तिच्या अंधुक दृष्टीसाठी पट्टी चकाकी नसलेल्या काळ्या रंगाने रंगवली आणि चिंचोक्यांऐवजी पांढरे वाल घेतले. तपकिरी चिंचोके करड्या कागदात तिला दिसतच नव्हते.

वर्गात मात्र खेळ सगळ्यांनी खेळायचा. बाईंनी ठोके पुठ्ठ्याआड द्यायचे, म्हणजे डोळस मुलंही कानांवरच अवलंबून राहतात. डोळे बांधायची गरज नाही. उत्तर ओरडायचं नाही, ताटात मांडायचं. नाहीतर पहिल्या आवाजामागे सगळा वर्ग जातो.

शतक आलं की ठोके लक्षात ठेवणं जड जातं. तिथून पुढे ॲबॅकस, आणि उदाहरण मांडायला टेलर फ्रेम, म्हणजे खाचांत खिळे खोचून अंक मांडायची पाटी.