गाढ झोपेची ३८ मिनिटं

"मॅडम, ॲपमध्ये माझी गाढ झोप रोज चाळीस मिनिटांच्या आतच दिसते. मी निरोगी आहे ना?"

त्यांनी उघडून दाखवलेल्या आलेखातला गाढ झोपेचा गडद निळा भाग, ३८ मिनिटांचा, मी आधी बाजूला ठेवला. मनगटावरचा बँड हाताची हालचाल आणि नाडी मोजतो. झोप किती गाढ आहे हे मात्र मेंदूच्या लहरींवरून ठरतं, आणि त्या टिपायला डोक्याला तारा लावून रात्रभराची तपासणी करावी लागते. म्हणजे ती ३८ मिनिटं बँडचा अंदाज आहे. त्या मानाने झोपायची आणि उठायची वेळ बरीच भरवशाची असते. तरी तुम्ही जागेपणी निपचित पडून राहिलात, तर बँड तीही झोपच धरतो.

म्हणून मी वेळा पाहिल्या आणि गोम तिथे सापडली. बँड घेण्याआधी त्या अकराला झोपायच्या. आकडा वाढावा म्हणून आता साडेनऊलाच आडव्या होत होत्या आणि सकाळी साडेसहाला उठत होत्या. नऊ तास अंथरुणात, त्यात झोप साडेसहा तास. उरलेले अडीच तास कूस बदलण्यात आणि "आज तरी लागेल का?" या विचारात जायचे. आकड्यांच्या मागे लागून झोप बिघडण्याच्या या प्रकाराला २०१७ साली संशोधकांनी 'ऑर्थोसोम्निया' असं नावही दिलं.

घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणं, यातलं काही होतं का, हे मी खोदून विचारलं. असतं, तर आलेख कितीही छान दिसला तरी त्यांना आधी डॉक्टरांकडेच पाठवलं असतं. तसं काही नव्हतं. रक्तदाब आणि साखर मात्र वर्षभरात तपासली नव्हती. ती तपासायला सांगितलं, कारण ते झोपेच्या आलेखात दिसत नाही.

मग दोन गोष्टी ठरवल्या. झोपायची वेळ पुन्हा अकरा. आणि सकाळी ॲप उघडण्याआधी वहीत एक ओळ: कसं वाटतंय, दहापैकी किती गुण. ॲप संध्याकाळीच बघायचं.

तीन आठवड्यांनी त्या वही घेऊन आल्या. आम्ही दोघींनी गुणांशेजारी ॲपचे आकडे लिहिले. गाढ झोप ५२ मिनिटं दाखवलेल्या दिवशी गुण चार, ३१ दाखवलेल्या दिवशी आठ. मेळच नव्हता. झोप अजूनही साडेसहा तासांच्या आसपासच होती, पण आता साडेसात तासांत. जागून काढलेला वेळ अडीच तासांवरून एका तासावर आला होता.

त्या बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आठ गुणांच्या त्या दिवशी संध्याकाळी ३१ बघितलं, आणि तेव्हापासून मला थकल्यासारखं वाटायला लागलं होतं."