मागच्या बाकावर ‘साठ’चं ‘सात’ का होतं?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागात शाळा आहे, गल्लीपलीकडे यंत्रमाग चालू असतात. पाचवीच्या वर्गात ५२ मुलं. मागच्या दोन ओळींचं लक्षच नसतं, कितीही ओरडलं तरी. वर्गाच्या मांडणीत काही बदलून फरक पडेल का? खर्च फार करता येणार नाही.

उत्तर:

फरक पडेल. पण आधी एक शंका तपासून बघा: त्या मुलांचं लक्ष नाही, की त्यांना शब्द नीट पोचत नाहीत? आवाज पोचतो, शब्द पोचत नाही, असं होऊ शकतं. स्वर जोरदार असतात, ते भिंतीपर्यंत जातात. व्यंजनं दुबळी असतात, ती वाटेत मरतात. मग मूल अंदाजाने वाक्य जुळवत बसतं आणि दहा-पंधरा मिनिटांत थकून नाद सोडतं. आपल्याला दिसतं ते फक्त खिडकीबाहेर बघणं.

तपासणी सोपी आहे. सात-साठ, पाट-पाठ, ताट-थाट, काल-गाल, दार-धार अशा जोड्यांतले वीस शब्द निवडा. चेहऱ्यासमोर वही धरून, नेहमीच्या आवाजात एकेकदाच सांगा. ओठ दिसले तर मुलं त्यावरून ओळखतात. सगळ्यांनी लिहायचं. दुसऱ्या दिवशी पुढची मुलं मागे, मागची पुढे बसवा आणि तशाच दुसऱ्या वीस शब्दांची चाचणी घ्या. ही अदलाबदल टाळू नका. तुमच्या भागात बऱ्याच घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलतात, आणि काही मुलांचा ठ-थ-ध मध्ये आधीच गोंधळ असू शकतो. त्याच मुलाच्या चुका मागे बसल्यावर वाढल्या तर दोष खोलीचा. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलाला गोंगाटात मराठी समजायला इतरांपेक्षा जास्त स्पष्ट आवाज लागतो, म्हणून खोलीचा फटका त्यालाच आधी बसतो.

यंत्रमागांकडच्या खिडक्या बंद करून तिसऱ्यांदा चाचणी घ्या. चुका खूप घटल्या तर मुख्य दोषी माग. फारशा घटल्या नाहीत तर दोषी आहे घुमणं, आणि माझा संशय यावरच जास्त आहे. सिमेंटचा गिलावा, स्लॅब, शहाबादी फरशी: आवाज शोषणारं काहीच नाही. ‘सा’ची शेपटी खोलीत फिरत राहते आणि पुढचा ‘ठ’ तिच्याखाली दबतो. अशा खोलीत ओरडलं की शेपटीही तेवढीच मोठी होते, म्हणून ओरडण्याचा उपयोग होत नाही.

हिशेब करून बघू. समजा खोली ८ मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच आहे, म्हणजे घनफळ १४४ घनमीटर. आवाज विरायला लागणारे सेकंद म्हणजे ०.१६ गुणिले घनफळ, भागिले खोलीतलं एकूण शोषण. भिंती, फरशी आणि छत मिळून साधारण १८० चौरस मीटर होतात, पण ते जेमतेम ३ टक्के शोषतात, म्हणजे साडेपाच. उघड्या खिडक्या ४ चौरस मीटर, त्यांचं शोषण पूर्ण ४. मुलं प्रत्येकी अंदाजे ०.३, म्हणजे पंधरा-सोळा. एकूण २५, आणि वेळ ०.९ सेकंदाच्या आसपास. वर्गासाठी ०.६ सेकंदापर्यंतचा वेळ चांगला मानतात.

आता आपल्या गावचीच वस्तू कामाला लावा. साधारण दीड मीटर रुंद, सव्वादोन मीटर उंच अशा आठ जुन्या जाड चादरी घ्या. मागची भिंत ६ मीटर आहे. त्या १२ मीटर कापडाला चुण्या पाडून ते ६ मीटरमध्ये बसवा. पडद्याचा पाइप भिंतीपासून चार इंच पुढे ठोका. चुण्या आणि मागची पोकळी, दोन्ही महत्त्वाच्या आहेत. चादर भिंतीला सपाट चिकटवली तर फायदा खूपच कमी होतो. असं टांगलेलं जाड कापड बोलण्याचा निम्मा आवाज शोषतं असं धरलं तर साडेसहा-सातची भर पडते आणि वेळ पाऊण सेकंदाच्या खाली येतो. टेरी टॉवेलचं जाड कापड मिळालं तर आणखी चांगलं. आणखी कापड मिळालं तर ते बाजूच्या भिंतींवर, खिडक्यांच्या मध्ये लावा. छताचा मधला भाग आणि फळ्याची भिंत मात्र मोकळी ठेवा. शिक्षकाचा आवाज मागे ढकलायला त्यांचीच मदत होते. वायरिंग आणि स्विचबोर्डपासून कापड लांब हवं, आणि दर सुट्टीत धुवायला हवं, नाहीतर धूळ आणि खोकला.

थर्मोकोल आणि अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. थर्मोकोलमधली छिद्रं बंद असतात, तो आवाज जवळजवळ परतच पाठवतो. ट्रे पातळ असतात. आणि दोन्ही झटकन पेटतात.

चादरींनी मागांची धडधड मात्र अडणार नाही. पडदा आतला आवाज विरवतो, बाहेरचा थांबवत नाही, त्यातून जड धडधड तर मुळीच नाही. त्यासाठी श्रुतलेखन किंवा नवा पाठ चालू असताना मागाकडच्या खिडक्या लावा, दार आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या ठेवा. दिवसभर सगळं बंद केलं तर ५२ मुलांच्या श्वासाने हवा जड होते आणि पेंग येते. सोलापूरच्या मार्चमध्ये तर विचारच नको. शेजारच्या वर्गाची भिंत छताला भिडलेली नसेल तर वरची फट वीट-सिमेंटने बुजवा. वीतभर फटही अख्ख्या भिंतीचं काम वाया घालवते. ते होईपर्यंत दोन्ही वर्गांचं पाढे म्हणणं एकाच तासाला ठेवा.

बाक सरकवताना फरशीवर उठणारी किंचाळी सायकलच्या जुन्या ट्यूबने जाते: पायाला दुहेरी तुकडा घालून तारेने आवळा. झिजला की बदला.

बसण्याच्या बाबतीत, शेवटची ओळ फळ्यापासून सात मीटरवर असेल तर समजावताना शिक्षकाने मधल्या वाटेत दोन-अडीच मीटर आत यावं. फळ्यावर लिहिता लिहिता बोलू नये; पाठ फिरली की सगळ्यात आधी व्यंजनंच जातात. कमी ऐकू येणारं किंवा नुकतंच मराठीत आलेलं मूल पुढच्या दोन ओळींत हवं, पण पंख्याच्या खाली नको. पंखा खडखडत असेल तर बेअरिंग आणि कपाचे स्क्रू बघा. गुणगुणत असेल तर रेग्युलेटर एक टप्पा पुढे-मागे करून बघा.

उजेडाबद्दल दोनच गोष्टी. ट्यूब पंख्याच्या पात्यांच्या वर असेल तर पाती उजेड कापतात आणि वहीवर सावल्या फडफडतात. पांढरा कागद बाकावर ठेवून पंखा चालू करा, लगेच दिसेल. ट्यूब पात्यांच्या पातळीखाली आणा. आणि फळा चकचकीत झाला असेल तर खिडकीकडच्या मुलांना नाही, पलीकडच्या टोकाच्या मुलांना अक्षरांऐवजी खिडकीच दिसते. सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा त्या कोपऱ्यातल्या बाकावर स्वतः बसून बघा. मॅट काळ्या रंगाचा एक हात द्या, नाहीतर फळ्याजवळच्या एकाच खिडकीला पडदा लावा.

गर्दीवर यातलं काहीच औषध नाही. पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं प्रमाण आहे, तेव्हा दुसऱ्या शिक्षकाचा अर्ज चालू ठेवाच. चादरी लावल्यावर आठवड्याने तीच वीस शब्दांची चाचणी पुन्हा घ्या, शब्द बदलून. मागच्या ओळीच्या चुका पुढच्या ओळीच्या जवळ आल्या नाहीत, तर उरलेल्या भिंतींवर कापड वाढवा.