पट्टे घालवायचे म्हणजे गोरं करायचं नाही

प्रश्न: सुट्टीतल्या फोटोत बायकोचे खांदे उन्हाने लाल झालेत, त्यावर टॉपच्या पट्ट्यांचे फिके ठसेही आहेत. फोटोशॉपमध्ये त्वचा एकसारखी कशी करू?

रापलेला भाग उजळवू नका, फिका पट्टा सावळा करा. यावरून माझं एका स्टुडिओमालकाशी चांगलंच वाजलं होतं.

तारकर्लीला गेलेल्या एका जोडप्याचा फोटो होता. आदल्या दिवशी भर दुपारी बोटीवर, दुसऱ्या संध्याकाळी ऑफ-शोल्डर गाऊन. खांदे तांबूस, त्यावर दोन फिके पट्टे, मनगटावर घड्याळाचा ठसा. मालक म्हणाले, "सगळं गोरं करून टाक, गिऱ्हाइकाला तेच लागतं." मी नकार दिला, तर त्यांनी स्वतःच Curves वर ओढून हात-खांदे उजळवले. हात राखाडी पडले, सावलीतला नॉइज वर आला आणि चेहरा मात्र रापलेलाच राहिला. मुलीच्या आईने प्रिंट बघून विचारलं, "हे हात कुणाचे लावलेत?"

मग फाईल माझ्याकडे आली. लालीत बिघडतो तो मुख्यतः रंग, पट्ट्यात बिघडतो तो मुख्यतः उजेड. म्हणून दोन्हींसाठी वेगळे लेयर. आधी लाली. Hue/Saturation मध्ये Reds निवडून Hue टोकाला न्यायचा, म्हणजे नेमकी कुठली त्वचा पकडली जातेय ते भडक रंगात दिसतं. खालची रेंज आवळत फक्त भाजलेला भाग उरला, की Hue परत आणून +६ ते +१० च्या आसपास ठेवायचा आणि सॅच्युरेशन थोडं उतरवायचं. मास्क काळा करून मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो १० टक्के, खांद्यांवरच रंगवायचं. नाहीतर ओठही पिवळे पडतात.

पट्ट्यासाठी दुसरा Curves लेयर, ब्लेंड मोड Luminosity, मधला बिंदू खाली. इथे खरी मेहनत मास्कच्या कडेची. पट्ट्याची कड जितकी धारदार, तितकीच मास्कची हवी. कड जास्त मऊ झाली तर पट्ट्याच्या आत फिकी रेघ राहते आणि बाहेर काळी झाक उमटते. तपासायला सगळ्यात वर तात्पुरता Black & White लेयर टाका, उजेडातला फरक लगेच उघडा पडतो. उजेड जुळूनही पट्टा मातकट वाटला, तर शेजारच्या त्वचेचा रंग उचलून Color मोडच्या लेयरवर अगदी हलका फिरवा.

चेहऱ्याला मी हात लावला नाही. तोही उन्हात रापलेला होता, त्यामुळे खांदे त्याच्याशीच जुळवले. गिऱ्हाइकाला गोरंच लागतं हे मालकांचं म्हणणं मला आजही मान्य नाही; त्या मुलीने ऑर्डरवर फक्त "पट्टे घालवा" एवढंच लिहिलं होतं.

हो, व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोवर हे धड जमत नाही, रंगांचे चौकोन दिसायला लागतात. मूळ फाईल घ्या. आणि त्वचा सोलवटली असेल, तर ते पापुद्रे हीलिंग ब्रशने आधी काढा, रंगाचं काम त्यानंतर.