हजारी दर काढताना

अगं, तुझा अहवाल पाहिला. थकीत कर्जदारांच्या यादीत बेळगावची शाखा सर्वात वर आणि नंदगडची तळाला, म्हणून बेळगाव वाईट असं तू लिहिलंस. हे पटत नाही.

समजा, बेळगावात ८,००० कर्जदारांपैकी २४० थकलेत आणि नंदगडात ४०० पैकी १८. थकीत भागिले एकूण कर्जदार, गुणिले हजार. शीटमध्ये `=B2/C2*1000`. बेळगाव हजारी ३०, नंदगड ४५. चित्र उलटलं ना? भागताना दोन्ही शाखांचे चालू कर्जदारच घे, तेही ३१ मार्चचे. खाती बंद झालेले मोजलेस तर जुन्या शाखेचा दर उगाच कमी दिसतो.

पण लगेच नंदगडच्या मॅनेजरांना दोष देऊ नकोस. तिथे एक माणूस म्हणजे हजारी अडीच. उसाचं बिल जमा झालं आणि पाच जणांनी हप्ते भरले, की १८ चे १३ होतात आणि दर ४५ वरून ३२.५ वर येतो. बेळगावात पाच जणांनी भरले तर फरक जेमतेम ०.६. म्हणून लहान शाखेचे तीन वर्षांचे मार्चचे आकडे शेजारी मांड. दर वर्षी चाळीसच्या वर असेल, तरच वसुलीत खोट आहे असं मी म्हणेन. दरासमोर मूळ आकडाही छाप, ४०० पैकी १८ असा.

आणि दोन्ही शाखांचा मिळून दर म्हणजे ३० आणि ४५ ची सरासरी ३७.५ नव्हे. ८,४०० पैकी २५८, म्हणजे ३०.७. मीही सुरुवातीला अशीच सरासरी लिहिली होती आणि सभेत ती खोडावी लागली.