रोज ५ मिनिटं पुढे जाणारं घड्याळ पुन्हा बरोबर वेळ कधी दाखवेल?

प्रश्न: भिंतीवरचं घड्याळ २४ तासांत ५ मिनिटं पुढे जातं. सोमवारी दुपारी १२ ला बरोबर लावलं. ते पुन्हा बरोबर वेळ कधी दाखवेल? मला २८८ दिवस आले, पुस्तकात १४४ आहेत.

उत्तर: पुस्तकातलं उत्तर बरोबर आहे. तुम्ही पूर्ण २४ तासांची आघाडी धरलीत, म्हणजे १४४० भागिले ५. पण काट्यांच्या घड्याळाला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. ते खऱ्या वेळेच्या बरोबर १२ तास पुढे गेलं की काटे पुन्हा योग्य जागी येतात. म्हणून ७२० मिनिटं भागिले ५, १४४ दिवस. २४ तासांची वेळ आकड्यांत दाखवणारं घड्याळ असतं तर तुमचे २८८ बरोबर ठरले असते.

आता वार काढू. १४४ दिवस म्हणजे २० आठवडे आणि वर ४ दिवस, म्हणून शुक्रवार, दुपारचे १२. ताळा करायचा तर मधला टप्पा बघा: ७२ दिवसांनी घड्याळ ६ तास पुढे असेल, म्हणजे भर दुपारी १२ ला ६ वाजलेले दाखवेल. तिथून आणखी तेवढेच दिवस.

सुरुवातीला घड्याळ बरोबर नसेल, तर आधी तो फरक बघायचा. १० मिनिटं पुढे असेल तर ७१० मिनिटंच कमवायची उरतात, १४२ दिवस. पण २० मिनिटं मागे असेल तर ७२० चा संबंधच नाही, चार दिवसांत ते खऱ्या वेळेला गाठतं. परीक्षेत बहुतेक जण इथेच घसरतात, सवयीने ७२० घेऊन बसतात.

आणखी एक खाच मला फार महत्त्वाची वाटते: ते २४ तास कोणाचे? तुमच्या प्रश्नात ते खरे आहेत असं धरलंय. पण 'घड्याळाच्या स्वतःच्या २४ तासांत ५ मिनिटं' असं म्हटलं असेल, तर त्याची १४४० मिनिटं होतात तेव्हा खरी १४३५ च झालेली असतात. ७२० मिनिटांची आघाडी मिळायला त्याचे स्वतःचे १४४ दिवस लागतात, आणि तेवढ्यात खरा काळ जातो १४४ × १४३५ मिनिटं, म्हणजे १४३.५ दिवस. मग उत्तर शुक्रवार दुपार नाही, गुरुवारची मध्यरात्र येते. तबकडीवर दोन्ही वेळा १२ च दिसतात, म्हणून ही चूक सहज लक्षात येत नाही.

घरच्या लंबकाच्या घड्याळावर हे करून बघायचं असेल, तर आधी वेग नीट मोजा. थंडीत लंबकाचा धातूचा दांडा किंचित आखडतो आणि घड्याळ जास्त पुढे पळतं, त्यामुळे वेग ऋतूप्रमाणे थोडा हलतो. रोजचा फरक ५ ऐवजी ४.९ मिनिटं निघाला, तरी १४४ चे जवळपास १४७ दिवस होतात. एका दिवसाच्या मोजणीवर विसंबू नका. आठवड्याचा फरक घेऊन त्याला ७ ने भागा.