हँडल गोल फिरतं, पण लॅच हलत नाही

प्रश्न: बेडरूमच्या दाराचं हँडल नुसतंच गोल फिरतं, लॅच आत जात नाही. पूर्ण कुलूप बदलावं लागेल का?

बहुतेक वेळा नाही. आधी दार उघडं ठेवा, मधेच बंद झालं तर पंचाईत. मग दुसऱ्या बाजूचं हँडल फिरवून पाहा. त्याने लॅच हलत असेल, तर दोष फिरणाऱ्या हँडलच्या पकडीत आहे. त्याच्या मानेखाली बिनडोक्याचा बारीक ग्रब स्क्रू असतो. हँडल आत दाबून धरा आणि अ‍ॅलन कीने तो आवळा. साधारण अडीच किंवा तीन मिलिमीटरची की लागते. स्क्रूचं टोक दोन्ही हँडलं जोडणाऱ्या चौकोनी दांडीच्या सपाट बाजूवर बसायला हवं. कोपऱ्यावर बसलं तर आठवड्यात पुन्हा ढिलं होतं.

दोन्हीकडून लॅच हलत नसेल तर हँडलं काढून दांडी बाहेर ओढा. कडा गोल झाल्या असतील तर तीच नेऊन तेवढ्याच जाडीची, बहुधा आठ मिलिमीटरची, लोखंडी दांडी हार्डवेअरच्या दुकानातून आणा. लांब असेल तर हॅकसॉने कापा. नवी दांडीही कुलपाच्या चौकोनी भोकात सैल फिरली, तर मात्र कुलूपच झिजलंय, ते बदला.